पडद्यामागे दिवा जळतोच

थोरली ऑफिसात खुर्चीवर बसली होती म्हणायचं, पण ते काही बसणं नव्हतं. पाय हलत होता, नखं कुरतडून झाली होती, चहाचा कप दोनदा तोंडाला लावला आणि दोन्ही वेळा तो रिकामाच निघाला. समोर दोन स्क्रीन. डावीकडच्या स्क्रीनवर कंपनीचं काम उघडं पडलं होतं, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. उजवीकडे गावाचा नकाशा, नकाशावर एक निळा ठिपका आणि ठिपक्याशेजारी बॅटरीचा आकडा. ठिपका म्हणजे बाबा. तो भलत्याच ठिकाणी होता, आणि आकडा भलत्याच वेगानं उतरत होता.

बाबांनी आयुष्यभर लांब पल्ल्याचे ट्रक चालवले. कुठल्या नाक्यावर डावीकडे वळलं की घाट वाचतो, कुठल्या पुलावर पाणी येतं, सगळं डोक्यात. नकाशा काढणाऱ्या माणसाला ते हसायचे. आता त्याच डोक्यातले रस्ते पुसट व्हायला लागले होते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, आईनं ते एकदा ऐकून घेतलं आणि पुन्हा घरात कुणाला उच्चारू दिलं नाही. त्याऐवजी तिनं दाराची वरची कडी लावायला सुरुवात केली.

त्या कडीवरून मायलेकींची काय जुंपली होती म्हणता! "बाबा म्हणजे काय कोंडून ठेवायची वस्तू आहे का?" थोरली कडाडली. "आणि हरवले म्हणजे? तू येणार आहेस का ऑफिस सोडून शोधायला?" आईनं ऐकवलं. आई काही वाईट बाई नव्हती. रात्रीचं दार वाजलं तरी दचकून उठणारी, दमलेली बाई होती. शेवटी तह झाला. थोरली बाबांच्या फोनमध्ये अशी काही सोय करून देईल की ते दुपारचे फिरून आपले आपण घरी येतील. ती सोय चालते आहे तोवर बाबा फिरणार. ज्या दिवशी हरवतील, त्या दिवसापासून कडी. यावर थोरलीनं पुन्हा तोंड उघडायचं नाही.

सोय तिनं केली, आणि झकास केली. तिचा धंदाच तो. अ‍ॅपचे पडदे कसे दिसावेत, कुठला रंग कुठे असावा, हे ती ठरवायची, आणि काळ्या पडद्यांचं तिला एवढं वेड की ऑफिसातली मंडळी तिला अमावस्या म्हणायची. बाबांसाठी तिनं अख्खा पडदा काळाकुट्ट केला. मधोमध एक पांढरा बाण, खाली एकच शब्द, घर. बाण ज्या बाजूला, त्या बाजूला चालायचं. वळण आलं की बाण वळतो. बाकी काही म्हणजे काही नाही.

एक अडचण होती. काच विझलेली दिसली की बाबांना वाटायचं, फोन मेला. मेलेला फोन घेऊन काय करायचंय, म्हणून एकदा त्यांनी तो बागेतल्या बाकावर ठेवून दिला आणि निघून आले. नशीब, तेव्हा आई बरोबर होती. म्हणजे फिरायला निघाल्यापासून परत येईपर्यंत पडदा पेटलेलाच हवा. कुणीही सांगेल, फोनच्या पोटातलं सगळ्यात जास्त खातो तो पडदा. पण थोरली काय कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिनं बाबांना मुद्दाम ओएलईडी पडद्याचा फोन घेऊन दिला होता. त्या काचेत प्रत्येक ठिपका स्वतःचा उजेड स्वतः पाडतो. जिथे काळं, तिथला ठिपका बंद, त्याला वीज लागतच नाही. म्हणजे अख्ख्या काचेत दिवे लागणार ते फक्त बाणापुरते आणि एका शब्दापुरते. बाबा फिरून यायचे तेव्हा बॅटरी जेमतेम हललेली असायची, आणि थोरली आईकडे बघून भुवया उडवायची.

मग गेल्या आठवड्यात फोन पडला. काच तडकली. धाकट्या भावानं त्याच दिवशी तो दुरुस्त करून आणला आणि बाबांचं फिरणं एक दिवसही चुकलं नाही, म्हणून थोरलीनं त्याची पाठही थोपटली. पण तेव्हापासून बॅटरी पळायला लागली. थोरली म्हणाली, बॅटरी म्हातारी झाली. नवी मागवली, ती यायची होती. तोवर तिनं आपल्या परीनं उपाय केला. बाणाभोवती आधी सौम्य करडी कड होती, ती काढून तिथेही काळं केलं. बाण बारीक केला. बाबा म्हणाले, "बाई, हे दिसत नाही गं उन्हात," तेव्हा पडद्याचा उजेड पूर्ण वर नेऊन ठेवला. चारच तर ठिपके पेटलेत, ते पूर्ण ताकदीनं पेटले म्हणून काय मोठं आभाळ कोसळणार आहे?

आणि आज नेहमीचा रस्ता कुणीतरी खणून ठेवला होता. बाबा वाचनालयापर्यंत नीट गेले, परतताना बाण खड्ड्याकडेच दाखवत राहिला, म्हणून ते अडले आणि बाण सोडून बाजूच्या गल्लीत शिरले. तिथून ठिपका सरळ सुटला तो थेट गोदामांच्या भागात. तिथल्या बसथांब्यावर जाऊन थांबला, आणि आता हलायचं नाव घेत नव्हता.

फोन वाजला. आई.

"अगं, अजून आले नाहीत गं हे."

"दिसतायत मला. गोदामांपाशी बसलेत."

"गोदामांपाशी? अगं बाई, तिथे काळं कुत्रं नसतं आत्ता! फोन लाव ना त्यांना."

"रिंग वाजली की घाबरतात ते, आई. खिशात कोंबतात. मग बाण कुठून दिसणार? आणि बॅटरी कमी आहे." आकडा विसावर आला होता. मघाशी, म्हणजे चहा आणायला गेली तेव्हा, तो बत्तीस होता. "तू घरीच थांब. मी धाकट्याला पाठवते."

"मी सांगत होते," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "त्या मेल्या फोनवर भरवसा ठेवू नका म्हणून सांगत होते. तो बघ कसा वागतो हल्ली. झोपतच नाही. परवा वीज गेली तेव्हा ह्यांच्या उशाशी तुझा तो बाण तसाच चालू राहिलेला. मला वाटलं, बाण तेवढा दिसेल. तर कसलं काय, सगळी काच राखाडी. भिंतीवर उजेड पडला होता. मला ह्यांचा चेहरा दिसत होता त्यात."

थोरलीचा हलणारा पाय थांबला.

"काय म्हणालीस? काळं होतं ते राखाडी दिसत होतं?"

"काळं कुठलं! धुरकट. चांदणं पडल्यासारखं. का गं?"

थोरलीनं फोन ठेवला तो ठेवतेही म्हणाली नाही. ओएलईडीचं काळं अंधारात दिसतच नाही. तिथे दिवाच नसतो, तर दिसणार काय? अंधाऱ्या खोलीत बाण अधांतरी तरंगल्यासारखा दिसायला हवा, काच कुठे संपते तेही कळायला नको. काळं जर राखाडी उजळत असेल, तर त्या काचेमागे काहीतरी जळतं आहे.

तिनं धाकट्याला फोन लावला. धाकटा शाळेची व्हॅन चालवायचा, आणि ही वेळ मुलांना घरोघर सोडायची. मागून कलकलाट ऐकू येत होता. त्यानं गाडी कडेला घेतली.

"ताई, काय झालं? आवाज असा का येतोय तुझा?"

"बाबांच्या फोनला कुठली काच घातलीस?"

"कुठली म्हणजे? फोनची."

"अरे गाढवा, नीट आठव. मोबाईलवाला काय म्हणाला होता?"

मागे कुणीतरी कुणाच्या तरी डब्यासाठी रडत होतं. "तो म्हणाला, ओरिजिनल पडदा आत्ता नाहीये, यायला आठवडा लागेल. दुसरा आहे, एलसीडी, दिसायला अगदी तसाच. मी म्हटलं घाल. ताई, आठवडाभर फोन नाही म्हणजे आठवडाभर बाबा घरात, आणि कडी. तूच मला फाडून खाल्लं असतंस. दिसायला तर सेम होता ना! मला काय कळतंय एलसीडी-बिलसीडी!"

थोरलीनं कपाळावर हात मारून घेतला. ओरडायचं होतं, पण कुणावर ओरडणार? पोरानं बापासाठीच केलं होतं. आणि पडदा बदलल्यावर बॅटरी पळायला लागली, हे ज्या अमावस्येला सगळ्यात आधी उमगायला हवं होतं, ती काळ्यावर काळं फासत बसली होती.

"पण तू तर सगळं काळं केलंयस," धाकटा म्हणाला. "काळ्यात बॅटरी वाचते, असं तूच सांगत होतीस ना?"

"ती त्या काचेत. ह्या काचेत मागे एक अख्खा दिवा असतो, पूर्ण पडद्यामागे, सतत चालू. पुढचे ठिपके नुसते त्याचा उजेड सोडतात नाहीतर अडवतात. खोलीत दिवा लावायचा आणि खिडक्यांचे पडदे ओढून घ्यायचे. बाहेरून अंधार दिसतो. म्हणून दिवा विझला का? बिल तेवढंच. आणि मी शहाणीनं तो दिवा पूर्ण मोठा करून ठेवलाय, वरून पडदे ओढून."

"आईशप्पथ."

"तू निघ आता."

"अगं पोरं बसलीयेत गाडीत! यांना काय रस्त्यावर टाकू? शेवटचं पोर सोडलं की सुटतो तसाच. गोदामं अगदी दुसऱ्या टोकाला आहेत, ताई."

"सोड त्यांना. नीट सोड. घाई करू नकोस," ती म्हणाली, आणि मनात म्हणत होती, घाई कर रे बाबा, घाई कर.

आकडा पंधरा.

आता काय? ती उठली, बसली, परत उठली. पलीकडच्या टेबलावरचा डिझायनर मान वर करून बघायला लागला, तर तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मान पुन्हा खाली घातली. पडदा पूर्ण विझवता आला असता. तिनं इथून दिलेला हुकूम फोन ऐकायचा, दर थोड्या वेळानं तो आपलं ठिकाण कळवायचा आणि जाताना नवी सेटिंग्ज घेऊन जायचा. पडदा विझला तर बॅटरी टिकेल, ठिपका दिसत राहील. पण बाबा म्हणतील, मेला फोन. ठेवतील बाकावर. मग धाकटा जाऊन बघेल तर फोन सापडेल आणि बाबा नाहीत.

पडदा चालू ठेवून मागचा दिवा बारीक करायचा, एवढाच रस्ता. त्या काचेत वाचवायला दुसरं काही नव्हतंच. रंग कुठलाही असो, खाणारा तो मागचा दिवा. पण बारीक दिव्यात तो काटकुळा पांढरा बाण बाबांना दिसणार का, भर उन्हात, उघड्या थांब्यावर?

तिनं खालचा खण ओढला. तिथे जुने तपासणीचे फोन पडलेले असायचे. कुणी त्यांना हात लावत नसे, सगळे आपापल्या खिशातल्या चकचकीत ओएलईडीवरच पडदे तपासून मोकळे व्हायचे, आणि त्यात थोरली सगळ्यात पुढे. खणाच्या तळाशी एक एलसीडीचा सापडला. अर्थातच मेलेला. पॉवर बँकेला लावला, तर मेला सुरू व्हायलाच तयार नाही. "हो ना रे, हो ना लवकर," ती त्याला खालच्या आवाजात विनवत होती. कंपनीचं चिन्ह एकदाचं उमटलं. तिनं त्यावर बाबांचं अ‍ॅप टाकलं, लॅपटॉप काखेत मारला आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं पळत सुटली.

पार्किंगमध्ये ऊन तिरपं पडलं होतं. पहारेकरी खुर्चीतून अर्धवट उठला. "मॅडम, काय झालं?"

"काही नाही, बसा काका."

तिनं फोन उन्हात धरला. काळा पडदा, पांढरा बाण, उजेड पूर्ण. दिसत होता बाण, बरा दिसत होता. उजेड निम्म्याखाली आणला. झालं, बाण गेला. काळ्या काचेत तिला दिसला तो तिचाच घामेजलेला चेहरा आणि मागचं आभाळ. अगदी आरसा. बाबांना तेवढं दिसून काय उपयोग?

तिचं बोट थांबलं. मग तिनं रंग उलटे केले. अख्खा पडदा पांढरा, आणि त्यावर जाडजूड काळा बाण, बोटाएवढा. उजेड तसाच निम्म्याखाली. फोन पुन्हा उन्हात धरला, तिरपा केला, हात लांब करून धरला, बाबा धरतात तसा. बाण दिसत होता. पांढरं काही लखलखीत नव्हतं, जुन्या कागदासारखं मळकट होतं, पण बाण दिसत होता आणि खालचं घरही वाचता येत होतं. तिनं पहारेकऱ्याच्या तोंडासमोर फोन धरला. "काका, चष्म्याशिवाय सांगा, कुठल्या बाजूला जायचं?"

"डावीकडे," पहारेकरी म्हणाला. "पण का?"

का ते सांगायला तिला वेळ नव्हता. बॅटरी वाचवायला पडदा पांढरा करायचा! ऑफिसात कुणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, अमावस्येला उन्हाळा बाधला. पण हिशोब साधा होता. मागचा दिवा तसाही अख्खा जळतोय, मग त्याचा उजेड अडवून ठेवण्यापेक्षा बाहेर सोडला तर त्याला जास्तीचं काही लागत नाही. उलट तो बाहेर आला की दिवा बारीक करता येतो.

तरी पाठवायचं बटण तिनं लगेच दाबलं नाही. कारण धाकट्याचं ऐकण्यात काही चूक असली, मोबाईलवाल्यानं शेवटी ओएलईडीच बसवला असला, तर ती बाबांच्या हातातल्या फोनचे सगळेच्या सगळे ठिपके पेटवणार होती. उरलीसुरली बॅटरी तिनंच पिऊन टाकली असती. आईनं सांगितलेली ती राखाडी काच तिनं पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणली. भिंतीवरचा उजेड. त्यात दिसणारा बाबांचा चेहरा. नाही, ती एलसीडीच. तिनं बटण दाबलं.

आता फोन ठिकाण कळवेल तेव्हा ते घेईल. तोवर फक्त वाट बघायची. ती दोन गाड्यांच्या मधल्या जागेत येरझाऱ्या घालत होती, लॅपटॉप हातावर उघडा. आकडा अकरा. आकडा दहा. घे ना रे, घे ना. बाबांनी फोन खिशात घातला असेल का? बाकावर ठेवला असेल का? थांब्यावर बस आली असेल आणि ते बसमध्ये चढले असतील तर? ट्रकवाला माणूस, दार उघडं दिसलं की चढणारच. तिला रडू येत होतं आणि रडायलाही सुचत नव्हतं.

फोननं सेटिंग्ज घेतली. आकडा नऊ.

मग आकडा नऊच राहिला. ती एकटक बघत होती. नऊ. अजून नऊ. पुढच्या खेपेला ठिकाण आलं तेव्हाही नऊ. पण ठिपका? ठिपका तिथेच. पुढच्या खेपेला आठ, आणि ठिपका रस्ता ओलांडून पलीकडे.

"निघाले!" ती एवढ्यानं ओरडली की पहारेकरी आता मात्र पूर्ण उठून उभा राहिला. "निघाले हो काका!"

तिनं टॅक्सी पकडली. घराच्या अलीकडचा चौक सांगितला. वाटेत धाकट्याचा फोन आला, शेवटचं पोर सोडून तो थांब्यावर पोचला होता. "ताई, इथे कुणी नाहीये! बाक रिकामं आहे!" तो जवळजवळ रडतच होता. "असू दे, चाललेत ते. तू हळूहळू मागून ये. दिसले तरी हाक मारू नकोस, बिचकतील." आईलाही सांगितलं. आई म्हणाली, "मी फाटकात उभी आहे."

ठिपका चालत होता. एका वळणावर थांबला, तेव्हा टॅक्सीत थोरलीनं सीटची कड घट्ट धरली. बाबांनी बाणाकडे बघितलं असावं. ठिपका वळला, आणि बरोबर बाजूला वळला. आकडा पाच झाला, चार झाला. घराच्या आणि ठिपक्याच्या मधलं अंतर एवढंसं राहिलं तेव्हा तीन होता. टॅक्सीवाला आरशातून बघत म्हणाला, "सामना चाललाय का?" तिनं मान हलवली, हो की नाही कुणास ठाऊक.

ती चौकात उतरली आणि समोरून बाबा येत होते. शर्टाचं एक टोक बाहेर आलेलं, चपलांवर खणलेल्या रस्त्याची माती, आणि दोन्ही हातांत फोन धरलेला, भरलेला पेला सांडू नये म्हणून धरावा तसा. थोरलीला वाटलं, धावत जाऊन मिठी मारावी. पण तिनं स्वतःला आवरलं, आणि सहज भेटल्यासारखं चेहरा करून म्हणाली, "काय बाबा, फिरून आलात का?"

त्यांनी मान वर केली. ओळखायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा सगळा चेहरा सैल पडला आणि ते बाजूच्या कट्ट्यावर मटकन बसले.

"आलीस होय," ते म्हणाले.

ती शेजारी बसली. जिंकलो, असं तिच्या मनात चाललं होतं. आपले आपण आले! तहाप्रमाणे हरवले म्हणताच येणार नाही. आईला सांगायचं, बघ, रस्ता खणलेला असतानासुद्धा आले. उद्या ओरिजिनल काच मागवायची, आणि कडी नाही. "बाबा, कमाल केलीत तुम्ही," ती म्हणाली. "एवढ्या लांबून एकटे आलात."

"एकटा कुठला?" बाबा म्हणाले. त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. "हे काळं होतं. माझ्या हातातल्या हातात पांढरं झालं. मी तिथे बसलो होतो, काय करावं कळत नव्हतं. म्हटलं, अरे, पलीकडे कुणीतरी आहे. कुणीतरी बघतंय. म्हणून उठलो."

"मीच होते. मीच असते रोज, बाबा. ऑफिसातून बघत असते."

"रोज?"

"रोज."

ते पुन्हा पडद्याकडे बघायला लागले. रागावले की काय, असं तिला वाटलं. फसवल्यासारखं वाटलं असेल का त्यांना? मग तिला दिसलं की त्यांची हनुवटी थरथरते आहे.

"मला आधी सांगायचंस की गं," ते म्हणाले. "मला रोज भीती वाटते. वाचनालयापर्यंत ठीक असतं. तिथून मागे फिरलं की काहीच ओळखीचं वाटत नाही. नुसता त्या बाणाकडे बघत येतो. छातीत धडधडत असतं."

"मग जायचं कशाला?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "का नाही सांगितलंत?"

"तू तुझ्या आईशी केवढी भांडलीस माझ्यासाठी. सगळ्यांना सांगत असतेस, आमचे बाबा अजून एकटे फिरतात. केवढं कौतुक तुला." त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझ्यासमोर कसं म्हणायचं, की मला भीती वाटते?"

एवढे दिवस थोरली आईच्या कडीशी भांडत होती आणि रोज दुपारी ह्या माणसाला स्वतःच बाहेर घालवत होती. तिनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला. तो थंडगार होता. फोनचा पडदा एकदा लुकलुकला आणि विझला. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"उद्यापासून मी येईन बरोबर," ती म्हणाली. "सकाळी, ऑफिसच्या आधी. चालेल?"

"चालेल," ते म्हणाले, इतक्या पटकन की तिच्या काळजात चर्र झालं.

ती उठली, तिनं त्यांना उठवलं. पलीकडे घराचं फाटक दिसत होतं, फाटकात आई उभी होती, पदर तोंडाशी धरून. बाबांनीही तिकडे बघितलं, नीट बघितलं, आणि मग थोरलीकडे वळून विचारलं, "आता कुठल्या बाजूला?"